टॉवेलचे बॉक्स खालच्या पॅलेटवर का चेपतात आणि थप्पीची मर्यादा कशी काढायची

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. पाच प्लायच्या बॉक्समध्ये माल भरतो. बॉक्स ५४० × ३६० × ३५० मिमी, भरलेला १४ किलो. ११०० × ११०० च्या लाकडी पॅलेटवर एका थरात सहा, असे तीन थर लावतो. थप्पी हलू नये म्हणून प्रत्येक थर फिरवून लावतो. ४० फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये एका पॅलेटवर दुसरं ठेवतो. बॉक्सवाल्याच्या रिपोर्टवर कॉम्प्रेशन ३०० किलो आहे आणि खालच्या बॉक्सवर ७५ किलोच्या आसपासच वजन येतं. तरी जुलै-ऑगस्टच्या मालात खालच्या पॅलेटचे बॉक्स चेपलेले निघाले, वरच्या पॅलेटचे ठीक होते. चूक कुठे होतेय? किती थर लावावेत?

उत्तर:

३०० किलो हा बॉक्स मोडण्याचा आकडा आहे, पेलण्याचा नाही. कॉम्प्रेशन मशीन रिकामा, कोरडा, नवा बॉक्स दोन सपाट पोलादी प्लेटींमध्ये धरून मिनिटाला साधारण १० मिमी या वेगाने दाबतं. ज्या वजनाला बॉक्स कोलमडतो ते वजन रिपोर्टवर छापलं जातं. म्हणजे त्या बॉक्सने ३०० किलो क्षणभर पेलले आणि तो मोडला. तुमच्या बॉक्सला वजन महिना-दीड महिना पेलायचं आहे, तेही दमट हवेत, फटी असलेल्या पॅलेटवर आणि धक्के खात. त्यातली एकेक गोष्ट ताकदीचा आपला वाटा कापून घेते. हे वाटे एकमेकांत मिळवायचे नसतात, त्यांचा गुणाकार होतो, म्हणून शेवटी हातात फार थोडं उरतं.

कोरुगेटेड धंद्यात यासाठी ठरलेले गुणक आहेत. अमेरिकेच्या फायबर बॉक्स असोसिएशनच्या हँडबुकातले गुणक बहुतेक जण वापरतात, मीही तेच धरतो. सतत वजनाखाली राहिलेल्या बॉक्सची ताकद ३० दिवसांत ६० टक्क्यांवर येते, ९० दिवसांत ५५ टक्क्यांवर. हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना जी ताकद असते, ती ८० टक्के आर्द्रतेला ६८ टक्के राहते आणि ९० टक्क्यांना ४८. थर फिरवून लावले की ४० ते ६० टक्के ताकद जाते. पॅलेटच्या फळ्यांतल्या फटींमुळे १० ते २५ टक्के जाते. हाताळणीचे धक्के जास्त असतील तर १० ते ४० टक्के.

आता तुमचा जुलैचा हिशेब मांडू. कारखान्यातले दिवस, बंदरावरचे दिवस, समुद्रप्रवास आणि तिकडच्या गोदामातले दिवस धरून काळाचा गुणक सुरक्षित बाजूने ९० दिवसांचा, ०.५५ घ्या. पावसाळी आर्द्रतेचा ०.४८, फिरवलेल्या थरांचा ०.५, फळ्यांच्या फटीचा ०.८५ आणि हाताळणीचा ०.९.

०.५५ × ०.४८ × ०.५ × ०.८५ × ०.९ = ०.१०१

३०० किलोचे उरले सुमारे ३० किलो. आता भार पाहा. खालच्या पॅलेटच्या तळच्या बॉक्सवर त्याच पॅलेटचे वरचे दोन बॉक्स, म्हणजे २८ किलो. वरच्या पॅलेटचे १८ बॉक्स २५२ किलो आणि पॅलेट २० किलो, मिळून २७२. ते सहा थप्प्यांत वाटले गेले की प्रत्येकीवर ४५ किलो. एकूण ७३. ताकद ३०, भार ७३, मग बॉक्स चेपणारच. वरच्या पॅलेटच्या तळच्या बॉक्सवर फक्त २८ किलो येतात, म्हणून तो कसाबसा वाचला. वरचं पॅलेट ठीक आणि खालचं चेपलेलं, हे तुम्ही लिहिलंत तेच या हिशेबाला जुळतं. माल फेकला-आपटला गेला असता तर मोडतोड दोन्ही पॅलेटांवर विखुरलेली दिसली असती.

यातला फुकटात सुटणारा सगळ्यात मोठा वाटा थर फिरवण्याचा आहे, म्हणून तो आधी.

बॉक्सची ताकद चारही भिंतींत सारखी नसते. साधारण दोन तृतीयांश ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. मधली भिंत दाब आला की बाहेर किंवा आत झुकते आणि भार कोपऱ्यांवर सोडून देते. बॉक्सवर बॉक्स नेमका ठेवला की कोपरा कोपऱ्यावर बसतो आणि भार सरळ खाली पॅलेटपर्यंत जातो. थर ९० अंशांत फिरवला की तुमच्या मापात काय होतं ते पाहा. खालच्या थराच्या बॉक्सचे सांधे एका बाजूने ५४० मिमीवर येतात, वरच्या थराचे त्याच बाजूने ३६० आणि ७२० वर. सबंध थराचे बाहेरचे चार कोपरे सोडले तर एकही कोपरा कोपऱ्यावर येत नाही. वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मध्यावर टेकतो, म्हणजे बॉक्सच्या सर्वांत कमकुवत जागी. भिंत बांधताना विटा सांधे चुकवून लावतात ते बरोबर, कारण वीट सगळीकडून भरीव असते. बॉक्सला तो नियम लागू नाही.

थर फिरवला नाही तर थप्पी हलेल ही तुमच्या लोडिंगवाल्यांची भीती खरी आहे, आणि तिचं उत्तर द्यावंच लागतं. सहा उभ्या थप्प्या एकमेकींना धरून नसतात. त्यांना धरायचं काम स्ट्रेच फिल्मचं, चार कोपऱ्यांच्या एज बोर्डचं आणि थरांमधल्या न घसरणाऱ्या कागदाचं आहे. फिल्मची सुरुवात पॅलेटच्या लाकडापासून करा. तळाला तीन-चार वेढे असे द्या की निम्मी फिल्म लाकडावर आणि निम्मी पहिल्या थरावर येईल. फिल्म फक्त बॉक्सला गुंडाळली तर सगळा गठ्ठा एकसंध होतो खरा, पण पॅलेटवरून तो गठ्ठाच सरकतो. प्लास्टिक पट्टी मारायची असेल तर एज बोर्डशिवाय मारू नका. पट्टी ज्या काठात रुतते तो काठ तिथेच मोडतो, आणि भार पेलायला तोच काठ हवा असतो.

सगळ्यात वरचा एक थर फिरवायला हरकत नाही, कारण त्याच्या खालच्या बॉक्सवर एकाच बॉक्सचं वजन येतं. पण हे फक्त वरच्या पॅलेटला चालतं. खालच्या पॅलेटचा वरचा थर म्हणजे दुसऱ्या पॅलेटचा पाया, तिथे एकही थर फिरवायचा नाही. दोन्ही पॅलेटं एकाच पद्धतीने भरून मग कुठलं खाली जाईल ते कंटेनरपाशी ठरवायचं, ही सवय मोडा. खालचं आणि वरचं पॅलेट भरतानाच वेगळं ठरलेलं असू द्या आणि फिल्मवर मोठ्या अक्षरात तसं लिहा.

दुसरी गोष्ट, पॅलेट. ११०० च्या पॅलेटवर तुमचा थर १०८० बाय १०८० बसतो, प्रत्येक बाजूला १० मिमी राहतात. कागदावर हे उत्तम आहे. पण टॉवेल दाबून भरले की बॉक्सचं पोट फुगतं. ३६० मिमीच्या बाजूला प्रत्येक बॉक्स १० मिमी फुगला तरी तीन बॉक्सचे १११० होतात आणि थर पॅलेटबाहेर येतो. बाहेर लटकलेल्या बॉक्सच्या त्या बाजूच्या भिंतीखाली आणि दोन कोपऱ्यांखाली आधारच राहत नाही. असा बॉक्स २० ते ४० टक्के ताकद गमावतो, वर आधीच वाकलेली भिंत दाबाखाली लवकर झुकते. म्हणून ड्रॉइंगमधलं माप धरू नका. भरून टेप मारलेले तीन बॉक्स शेजारी ठेवून टेपने मोजा. १०९० च्या वर गेले तर एक तर टॉवेलची घडी बदला, नाही तर बॉक्सचं आतलं माप वाढवून बाहेरचं जुळवून घ्या. उलट टोकही वाईट आहे. बॉक्समध्ये वर दोन बोटं मोकळी राहिली की झाकणाच्या पाकळ्या खाली दबतात आणि थप्पी वाकडी होते. ‘आत टॉवेल आहेत, तेच वजन पेलतील’ हा हिशेब करू नका. टॉवेल भार घेतात, पण बॉक्स खाली बसून चेपल्यानंतर.

पॅलेटच्या वरच्या फळ्यांत फट किती आहे ते पाहा. दोन-तीन बोटांची फट असेल आणि बॉक्सची ५४० मिमीची भिंत त्या फटीला समांतर, नेमकी तिच्यावर आली, तर ती अख्खी भिंत अधांतरी राहते. पॅलेटवाल्याला दोन फळ्या वाढवून फट २०-२५ मिमीवर आणायला सांगा आणि कडेच्या फळ्या नेमक्या काठाशी हव्यात असंही सांगा. दोन फळ्यांचा खर्च एका चेपलेल्या बॉक्सच्या क्लेमपुढे काहीच नाही.

वरच्या पॅलेटची खालची बाजू याहून जास्त त्रास देते. खाली तीनच अरुंद पट्ट्या असलेलं पॅलेट बॉक्सवर ठेवलं की २७२ किलो त्या तीन पट्ट्यांवरून उतरतात. खालच्या पॅलेटच्या वरच्या थरावर लांबट खड्ड्यांचे ठसे दिसले तर कारण हेच. हिशेबात आपण ते सहा थप्प्यांत सारखे वाटले होते, पण पट्ट्यांखाली ते सारखे वाटले जात नाहीत. खालच्या पॅलेटवर ११०० × ११०० चा १२ मिमी प्लायवुडचा तुकडा टाका. वजन साधारण ९ किलो, म्हणजे बॉक्समागे दीड किलो वाढतो. भार ७५ झाला, पण तो आता खरोखर सहाही थप्प्यांवर उतरतो. शिवाय वरच्या पॅलेटला चारही कडांना पट्टी असलेलं बूड घ्या. प्लायवुड आणि पॅलेट दोन्ही निर्यातीला जातात. पॅलेटच्या घन लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो. कारखान्यात चिकटवून बनलेल्या प्लायवुडला त्या नियमातून सूट आहे.

आता आर्द्रता. तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हीच खुपते, कारण सोलापुरात ती दिसत नाही.

कागद हवेतलं पाणी घेतो आणि मऊ पडतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत बॉक्स हातात कडक लागतो, वाजवला तर खणखणतो. तोच बॉक्स बोरघाट उतरून न्हावा-शेव्याला पावसाळ्यात आठवडाभर थांबला आणि पुढे समुद्रावर गेला की त्याची निम्मी ताकद जाते. बाहेरून ओला दिसेलच असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये याच बॉक्समध्ये, याच पद्धतीने पाठवलेला माल नीट पोहोचला असेल तर त्यात नवल नाही. तेव्हाही हिशेब काठावरचाच होता, फक्त हवेने साथ दिली.

पण सगळं पाणी बाहेरून येत नाही. कंटेनर बंद झाल्यावर आतलं पाणी बहुतेक मालाबरोबरच गेलेलं असतं. ४० पॅलेटं, प्रत्येक २० किलोचं, म्हणजे ८०० किलो लाकूड. उघड्यावर पावसात भिजलेल्या पॅलेटने वजनाच्या पाच टक्के पाणी प्रवासात सोडलं तर ४० लिटर झालं. टॉवेल त्याहून मोठा साठा आहे. एका कंटेनरमध्ये ७२० बॉक्स, म्हणजे नऊ टनांहून जास्त सूत. सुती मालात प्रमाणित हवेत साडेआठ टक्के ओलावा धरतात. तुमचा माल त्याहून एकच टक्का जास्त ओला गेला तर नव्वद लिटरच्या वर पाणी झालं. दिवसा कंटेनर तापला की हे पाणी हवेत येतं, रात्री छत थंड झालं की छतावर जमतं आणि वरच्या बॉक्सवर ठिबकतं. लोक छताला कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात, त्या लावाव्यातच, पण शंभर-सव्वाशे लिटरचं पाणी पिशव्यांवर सोडून चालत नाही. ते आत जाण्याआधी अडवावं लागतं.

अडवायची जागा कारखान्यातच आहे. ड्रायरमधून निघालेला टॉवेल गरम असतानाच पॉलीबॅगेत आणि बॉक्समध्ये कोंबला की आतली वाफ आतच राहते. माल ट्रॉलीवर गार होऊ द्या आणि दर लॉटमधले पाच-सहा टॉवेल मॉइश्चर मीटरने तपासून मगच पॅकिंगला सोडा. लाकडी पॅलेटवरही मीटर लावा. २० टक्क्यांच्या वर असेल तर ते पॅलेट त्या कंटेनरमध्ये जाऊ नये. पॅलेटं छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवा. कोऱ्या बॉक्सचे गठ्ठे बॉक्सवाल्याकडून डिंक ओला असतानाच येतात, पावसाळ्यात तर हमखास. ते दोन-तीन दिवस हवेशीर जागी सोडून मग वापरा. कंटेनर आत घेताना दारं लावून आत एक माणूस उभा करा. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, तो कंटेनर परत पाठवा. जमीन ओली असेल किंवा धुतल्याचा वास असेल तरीही परत.

एवढं केल्यावर हिशेब पुन्हा मांडू. थर सरळ, पण हाताने लावलेली थप्पी थोडी तरी सरकतेच, म्हणून ०.९. फटी कमी झाल्या, ०.९५. काळ ०.५५ आणि हाताळणी ०.९ तशीच. कोरड्या मोसमात आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत धरून ०.६८:

०.५५ × ०.६८ × ०.९ × ०.९५ × ०.९ = ०.२८८, म्हणजे ३०० किलोचे ८६ किलो.

भार ७५. नोव्हेंबर ते मे याच बॉक्समध्ये तीनावर तीन थर लावा, चालतील. पावसाळ्यात ०.६८ च्या जागी ०.४८ आला की ताकद ६१ किलोवर येते आणि ७५ चा भार पेलवत नाही. वरच्या पॅलेटचा एक थर कमी केला, तीनावर दोन, तर भार ६१ वर येतो, म्हणजे अगदी काठावर. मी त्यावर माल पाठवणार नाही. शिवाय वरच्या प्रत्येक पॅलेटमागे सहा बॉक्स, म्हणजे कंटेनरमागे १२० बॉक्स कमी जातात आणि भाडं तेवढंच लागतं. त्यापेक्षा पावसाळ्यासाठी बॉक्सच दणकट घ्यावा. ७५ भागिले ०.२०३ केलं की ३६९ येतात. ४०० किलोचा बॉक्स मागा.

मागताना ‘बीएफ वाढवा’ असं म्हणू नका. बर्स्ट फॅक्टर कागद फुटायला किती जोर लागतो ते सांगतो, उभं वजन पेलण्याची ताकद सांगत नाही. २२ बीएफचा कागद घेऊनही थप्पी बसू शकते. थप्पीला लागते ती पुठ्ठ्याची काठावर उभं राहण्याची ताकद, एज क्रश. मॅकी यांचं सूत्र इथे कामाला येतं: बॉक्सची ताकद म्हणजे ५.८७ गुणिले एज क्रश गुणिले (बॉक्सचा घेर × पुठ्ठ्याची जाडी) याचं वर्गमूळ. तुमचा घेर १८० सेंमी. पाच प्लायची जाडी ६.५ मिमी धरली तर ४०० किलोसाठी एज क्रश सेंटिमीटरला ६.३ किलो लागते, आणि आजच्या ३०० ला ४.७. ऑर्डरवर दोन आकडे लिहा, एज क्रश ६.३ च्या खाली नको आणि बॉक्स कॉम्प्रेशन ४०० च्या खाली नको. कागद कुठला वापरायचा ते बॉक्सवाला बघेल. रिपोर्टवर चाचणीची हवा कोणती होती तेही वाचा. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर वरचा हिशेब जसाच्या तसा. आपल्याकडे काही लॅब २७ अंश आणि ६५ टक्क्यांना चाचणी करतात. तिथे मिळालेले ४०० किलो याहून थोडे भारी समजा. हवाच लिहिलेली नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.

कंटेनरमधली मांडणी. हाय-क्यूबची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर, लांबी १२.०३, उंची २.६९ आणि दाराची उंची २.५८. तुमची दोन पॅलेटं आणि प्लायवुड मिळून २.३९ मीटर होतात, दारातून १९ सेंमी मोकळे राहतात. रॅम्पवरून तिरकं चढताना हेही कमी पडू शकतात. शक्यतो खालचं पॅलेट आधी आत ठेवून मग वरचं ठेवा, आणि त्यासाठी मास्ट वर न जाता काटे उचलणारी फ्री-लिफ्ट फोर्कलिफ्टच वापरा.

रुंदीत दोन पॅलेटं २.२० मीटर घेतात, १५ सेंमी उरतात. लांबीत दहा ओळी ११ मीटर घेतात, एक मीटर उरतो. बहुतेक जण माल एका भिंतीला लावतात आणि सगळी फट दुसऱ्या बाजूला सोडतात. जहाज डोलताना, कंटेनर भरण्याच्या आयएमओच्या सीटीयू कोडप्रमाणे, मोठ्या लाटांच्या समुद्रात आडवा जोर वजनाच्या ०.८ पट धरावा लागतो. २७२ किलोचं वरचं पॅलेट सुमारे २१८ किलोच्या जोराने आडवं ढकललं जातं, मग ते त्या १५ सेंमीत सरकतं. त्याचा कडेचा भाग खालच्या बॉक्सबाहेर गेला की खालच्या थप्प्यांवरचा भार विषम होतो आणि सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून दोन्ही रांगा दोन्ही भिंतींना टेकवा, फट मध्ये ठेवा आणि तिथे हवेच्या पिशव्या भरा, खालच्या आणि वरच्या पॅलेटच्या मधोमध. पिशवी आणि बॉक्स यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा प्लायवुड हवंच. पिशवी कमी हवेवर ठेवा, हाताने दाबल्यावर थोडी दबली पाहिजे. फार फुगवली तर तीच बॉक्सच्या भिंती आत ढकलते.

दाराकडचा एक मीटर मोकळा सोडून दार लावू नका. दार हे माल अडवायचं साधन नाही, आणि तिकडे दार उघडताना पुढची थप्पी माणसावर येते. शेवटच्या ओळीसमोर लाकडी चौकट उभी करा, ती बाजूच्या भिंतींच्या पन्हळीत अडकवा आणि तळाच्या लॅशिंग रिंगांना पट्ट्यांनी बांधा. आडव्या फळ्या दोन्ही पॅलेटांच्या लाकडाच्या पातळीवर याव्यात. मधोमध बॉक्सवर आल्या तर त्याच बॉक्समध्ये शिरतात.

एकूण वजन ११ टनांच्या आसपास होतं, कंटेनरच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे वजनमर्यादेची चिंता नाही, पण एक तोटा आहे. पाट्यांच्या स्प्रिंगचा ट्रेलर हलक्या मालाला जास्त उडवतो, कारण स्प्रिंग जड मालासाठी कडक केलेली असते. एमआयडीसीतल्या खड्ड्यांत आणि हायवेच्या गतिरोधकांवर बॉक्सला बसणारे धक्के इथले असतात. एअर सस्पेन्शनचा ट्रेलर मिळत असेल तर घ्या. नसेल तर ड्रायव्हरला गतिरोधकांचं सांगून ठेवा आणि हिशेबातला हाताळणीचा ०.९ हा गुणक ०.८ धरा. तसा धरला की कोरड्या मोसमातलेही ८६ किलो ७७ वर येतात, भाराला जेमतेम पुरतात. मग कोरड्या मोसमातही ४०० चाच बॉक्स वापरलेला बरा, आणि पावसाळ्यात ४०० चेही ७२ च उरतात, म्हणून तेव्हा ४२० चा मागा.

पुढच्या कन्साइनमेंटआधी एक चाचणी करा. गोदामात दोन पॅलेटं हुबेहूब तशी, प्लायवुडसह एकावर एक ठेवा आणि खालच्या पॅलेटची उंची चारही कोपऱ्यांवर मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी थोडं बसणं साहजिक आहे. त्यानंतर थांबलं तर ठीक. रोज एक-दोन मिमी बसतच राहिलं तर तो बॉक्स महिनाभर टिकणार नाही. एकच कोपरा बसत असेल तर तिथली फळी, फट किंवा बाहेर आलेला बॉक्स शोधा. ही चाचणी मे महिन्यात करू नका, कोरड्या हवेत ती पास होईल आणि काहीच कळणार नाही. पाऊस लागल्यावर, उघड्या शेडमध्ये करा.

बॉक्सवर थप्पीच्या मर्यादेचं चिन्ह छापता तेव्हा त्यातला आकडा खालचा बॉक्स सोडून त्याच्यावर किती बॉक्स ठेवायचे तो असतो. ३०० च्या बॉक्सला पावसाळ्यात ६१ भागिले १४, म्हणजे ४. ४०० च्या बॉक्सला ८१ भागिले १४, म्हणजे ५. तिकडच्या गोदामवाल्याला तुमचा हिशेब माहीत नसतो, तो हा आकडा बघूनच पॅलेटावर पॅलेट चढवतो. आणि माल पोहोचल्यावर त्यांना फोटो मागा: दार उघडल्याबरोबर एक, खालच्या पॅलेटच्या चार कोपऱ्यांचे चार, आणि प्लायवुड उचलून वरच्या थराचा एक. सगळेच तळचे बॉक्स कोपऱ्यांवर घडी पडून चेपले असतील तर ताकद कमी पडली. एकाच बाजूचे चेपले असतील तर थप्पी कलली किंवा सरकली. भिंतीच्या मध्यावर आडवा खड्डा असेल तर पिशवी किंवा चौकट टोचली. बॉक्स हाताला मऊ लागत असेल तर आधी पॅलेट आणि ड्रायरकडे बघा.